पहिलं नाव पेट्रोलॅटम

बिट्टीने शर्टाची बटणं लावणं सोडून दिलं तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं की हे प्रकरण आता साध्या कोरडेपणाचं राहिलेलं नाही. नणंद दारात उभी राहून, दोन्ही हात पुढे धरून, एखाद्या लहान मुलीसारखं म्हणाली, "वहिनी, एवढी वरची दोन लावून दे. बोटं वाकली की चिरा उघडतात."

बिट्टी म्हणजे घरातलं शेंडेफळ. पस्तिशी उलटली तरी नाव तेच राहिलं. ती मोठ्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती आणि वहिनी त्याच हॉस्पिटलच्या औषध विभागात फार्मासिस्ट. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच बसने कामाला जायच्या आणि परतताना एकमेकींच्या वरिष्ठांची उणीदुणी काढायच्या. नणंद-भावजयीचं इतकं जमतं कसं, असं शेजारणी सासूबाईंना विचारत. सासूबाई म्हणत, "दोघींना भांडायला वेळ कुठाय?"

वहिनीने बटणं लावली आणि हात उजेडात धरून पाहिले. बोटांच्या पेरांवर लाल भेगा, मधल्या जागेत सालं, मनगटापर्यंत त्वचा कागदासारखी. बाळाला हात लावण्याआधी हात धुवायचे, लावल्यानंतर धुवायचे, डायपर बदलला की धुवायचे, हातमोजे काढले की धुवायचे. वॉर्डातल्या सगळ्याच नर्सचे हात थोडेफार असे झाले होते. बिट्टीचे सगळ्यात वाईट.

"काही लावतेस की नाही?"

"लावते ना. वॉर्डात आलंय ते नवं क्रीम. सेरामाइडवालं." तिने पर्समधून एक देखणी पांढरी ट्यूब काढली. 'सेरामाइड' हा शब्द तिच्यावर एवढा मोठा होता की कंपनीचं नाव शोधावं लागत होतं. "झोंबतं खूप. पण झोंबतंय म्हणजे लागू पडत असेल."

"कोणी सांगितलं तुला?"

"आईने."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "आयोडीन नाही का झोंबत?"

वहिनीने ट्यूब उलटी केली. तिची ही सवय घरात सगळ्यांना माहीत होती. बिस्किटाचा पुडा असो की भांड्यांचा साबण, आधी मागची बाजू. नवरा तिला म्हणायचा की तुझ्यासमोर माणूस आला तरी तू त्याला फिरवून बघशील. बसमध्ये तिने बिट्टीला शेजारी बसवलं आणि बारीक अक्षरांवर नख ठेवून वाचायला लागली.

"हे बघ. घटकांची नावं प्रमाणाने लिहितात. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. पाणी, मग ग्लिसरीन, मग हे क्रीमला दाटपणा आणणारे पदार्थ. इथवर ठीक. मग हे फिनॉक्सिइथेनॉल. क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात, आणि एक टक्क्याच्या वर घालायची परवानगी नाही. म्हणजे पुढचं सगळं एक टक्क्याच्या आत. त्यात आधी काय, तर सुगंध. मग संत्र्याच्या सालीचं तेल. आणि शेवटून दुसरं कोण आहे वाच."

"सेरामाइड एनपी."

"म्हणजे वरातीत नवरदेव शेवटच्या गाडीत."

बिट्टी हसली नाही. "मग झोंबतं कशाने?"

"सुगंधाने असेल, त्या तेलाने असेल. भेगा पडलेल्या कातडीला ग्लिसरीनसुद्धा थोडं चुरचुरतं. पण हे असं लाल होणं त्यातलं नाही. तुझ्या त्वचेतल्या पेशींच्या मधे चरबीचा थर असतो, सेरामाइड त्यातलंच, तो साबणाने रोज निघून जातोय. आतलं पाणी उडतंय आणि बाहेरचं सगळं आत शिरतंय. दाराला कडी नाही आणि तू आत अत्तर शिंपडतेयस."

"मग लावू काय?"

"साधी पेट्रोलियम जेली. डब्यावर एकच नाव असतं, पेट्रोलॅटम. त्यात ना पाणी, ना सुगंध, ना खराब होऊ नये म्हणून घातलेलं काही. ते त्वचेला देत काहीच नाही, फक्त वरून झाकण घालतं. पण झाकण घातलं की खाली त्वचा आपलं काम आपण करते. हात ओलसर असताना लावायचं, म्हणजे ओल आत राहते."

"आणि मग त्या चिकट हाताने मी बाळाची सुई लावू?"

प्रश्न रास्त होता. शिवाय दुसरी अडचण वहिनीला चांगली माहीत होती. वॉर्डातले हातमोजे लॅटेक्सचे, रबराचे होते. पेट्रोलियम जेली रबर खाते. मोजा दिसायला धड दिसतो आणि ताणला की फाटतो. "ड्यूटीवर नाही लावायचं," ती म्हणाली. "घरी लावायचं. ड्यूटीसाठी सुगंध नसलेलं, बरं क्रीम पाहिजे. मी बोलते खरेदीवाल्यांशी."

खरेदी अधिकाऱ्याला हॉस्पिटलात सगळे 'कात्री' म्हणत, कारण त्याच्या टेबलावर गेलेली कुठलीही मागणी अर्धी होऊनच परत यायची. माणूस दुष्ट नव्हता. उलट बोलायला गोड, चहा पाजणारा. पण त्याच्याकडे मागायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणं, आणि वर तो घडा तुम्हाला धन्यवाद म्हणणार.

वहिनीने त्याच्याशी बैठक ठरवली, तेव्हा सगळ्या नर्सच्या प्रमुख, मेट्रन बाईही आल्या. त्यांच्या नर्सेस हातांच्या तक्रारी घेऊन रोज त्यांच्या दारात उभ्या राहत होत्या आणि त्यांचा संयम संपत आला होता. वहिनीने ट्यूब टेबलावर ठेवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. यादी कशी वाचायची, सुगंध कुठे आहे, सेरामाइड कुठे आहे. मग म्हणाली, "दोन गोष्टी हव्यात. घरी नेण्यासाठी साधं पेट्रोलॅटम, प्रत्येकीला एक डबी. आणि ड्यूटीसाठी बिनसुगंधाचं क्रीम. सेरामाइड असलेलं मिळालं तर उत्तम, पण सोबत कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असलेलं. त्वचेतला थर त्या तिघांचा मिळून असतो."

"कोलेस्टेरॉल?" कात्रीने छातीवर हात ठेवला. "मॅडम, मला डॉक्टरांनी तेच बंद करायला सांगितलंय."

मेट्रन बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "म्हणजे आत्ताचं क्रीम वाईट, कारण महत्त्वाचा पदार्थ यादीत खाली. आणि पेट्रोलॅटम चांगलं, कारण ते पहिलं. असंच ना?"

"पहिलं नाही. एकटं. आणि ते हातमोज्यांच्या आत चालणार नाही, म्हणून तर दोन वस्तू मागतेय."

"समजलं, समजलं. यादीत जे पहिलं ते सगळ्यात जास्त. किती सोपं आहे, नाही? मी इतकी वर्षं पुढची बाजूच वाचत होतो." त्याने मनापासून कौतुक केलं, आणि वहिनीला बाहेर पडताना उगाच वाटलं की काम झालं.

"झालं?" मेट्रन बाईंनी जिन्यात विचारलं.

"तो हो म्हणाला."

"तो माझ्या तोंडावर आजवर कधीच 'नाही' म्हणालेला नाही," मेट्रन बाई म्हणाल्या.

नंतरच्या आठवड्यात बिट्टीने घरी पेट्रोलियम जेली लावायला सुरुवात केली. हात ओले असतानाच थोडीशी चोळायची आणि वरून जुने सुती मोजे चढवायचे. ते पायमोजे होते. वहिनीच्या नवऱ्याने एक नजर टाकली आणि बहिणीला विचारलं की चालायला हातांवर निघालीस का. सकाळी भेगा जरा मऊ दिसायच्या, कडा बसलेल्या. मग ती कामावर जायची आणि संध्याकाळी सगळं पुन्हा मूळपदावर यायचं. रात्रभर विणायचं आणि दिवसभर उसवायचं. वहिनी रोज भांडारात विचारायची, क्रीम आलं का. रोज उत्तर यायचं, उद्या.

आणि एके सकाळी खोकी आली. वहिनी त्या वेळी वरच्या मजल्यावर गोळ्यांच्या साठ्याची तपासणी करत होती. भांडारातून थेट वॉर्डांत माल गेला. तिला कळलं ते फोनवर. मेट्रन बाईंचा आवाज इतका शांत होता की वहिनी मोजणी अर्धी टाकून उठली.

"खाली या. बाळांच्या वॉर्डात. तुमचं औषध आलंय."

जिन्यातच वास आला. ओळखीचा, सर्दी झाल्यावर आई छातीला चोळायची तसला. वॉर्डाच्या दारापाशी, हात धुण्याच्या बेसिनजवळ, बिट्टी नळाखाली हात धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दात आवळून गप्प होती. बाजूला निळ्या झाकणाच्या डब्या रचलेल्या. त्यातली एक उघडी.

वहिनीने डबी उलटी केली. पेट्रोलॅटम. त्याच्यापुढे कापूर. मग मेन्थॉल. मग निलगिरीचं तेल.

"मी हात भरून लावलं," बिट्टी म्हणाली. "तू पाठवलंयस म्हणून वास आला तरी लावलं. वाटलं, असेल काहीतरी."

"आत नाही ना गेलीस?"

"मोठ्या सिस्टरनी दारातच अडवलं. वास आल्या आल्या. म्हणाल्या, ज्यांनी ज्यांनी लावलंय त्या सगळ्या बाहेर."

वहिनीने उघड्या डबीचं झाकण घट्ट लावलं. कापूर आणि मेन्थॉल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ नेणं म्हणजे त्याचा श्वास अडकवण्याचा धोका. त्या वॉर्डात हातात मावतील एवढाली बाळं होती. मेट्रन बाईंनी डब्या उचलायला लावल्या, खिडक्या उघडायला लावल्या, आणि मग वहिनीकडे वळल्या.

"तुम्ही हेच मागवलं होतंत?"

"मी साधं पेट्रोलॅटम सांगितलं होतं. तुम्ही होतात समोर."

"होते. म्हणूनच विचारतेय. कारण मालाच्या कागदावर 'औषध विभागाच्या शिफारशीनुसार' असं लिहिलंय."

वहिनी तडक कात्रीकडे गेली. त्याने शांतपणे चष्मा लावला, डबी हातात घेतली, उलटी केली, आणि बोट ठेवलं.

"मॅडम, पहिलं नाव पेट्रोलॅटमच आहे ना? तुम्हीच सांगितलं होतं. यादीत जे पहिलं ते सगळ्यात जास्त. मी स्वतः वाचून घेतलंय बरं का, सगळ्या बामांच्या पाठी वाचल्या. आणि हे साध्यापेक्षा स्वस्त पडत होतं, वर औषधीही आहे."

ह्या माणसाने तिचं ऐकलं नसतं तर परवडलं असतं. त्याने अर्धं ऐकलं होतं.

"पहिलं नाव वाचून थांबायचं नसतं," वहिनी म्हणाली. "पहिलं नाव सांगतं की जास्त काय आहे. त्रास कशाने होईल ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही. कापूर थोडाच असतो. थोडाच पुरतो."

"हे तुम्ही त्या दिवशी नव्हतं सांगितलं."

तिने आठवून पाहिलं. सुगंधाबद्दल सांगितलं होतं. दोन वस्तूंबद्दल सांगितलं होतं. 'एकटं' हा शब्दही वापरला होता. पण त्याच्या डोक्यात शिरलं ते एकच वाक्य, कारण तेच सोपं होतं, आणि ते तिनेच त्याला चमच्याने भरवलं होतं.

"आणि क्रीम? ड्यूटीसाठीचं?"

"एकावर भागत असताना दोन कशाला, म्हणून ते काढून टाकलं," कात्री म्हणाला.

बिट्टीचे हात सुजले. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिलं, थोड्या दिवसांसाठी एक औषधी मलम लिहून दिलं आणि सांगितलं की भेगा भरून येईपर्यंत तिला वॉर्ड बंद. तिला कागदपत्रांच्या खोलीत बसवण्यात आलं. तिथे हात धुवायचं कारण नव्हतं आणि बोलायला माणूस नव्हतं. बिट्टी आयुष्यात कधी इतकी गप्प राहिली नव्हती. संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

एका संध्याकाळी वहिनी दुकानातून एक नवं क्रीम घेऊन आली. कितीतरी डब्या उलट्यापालट्या करून, दुकानदाराला वैताग आणून तिने ते निवडलं होतं. बिट्टी जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

"हे बघ, यात सुगंध नाही. ग्लिसरीन दुसऱ्या नंबरवर. पेट्रोलॅटम नाही, म्हणजे हातमोज्यांच्या आत चालेल. मग तीन सेरामाइड, कोलेस्टेरॉल–"

"सेरामाइड कितव्या नंबरवर आहे?"

वहिनी अडखळली. "खाली."

"किती खाली?"

"शेवटाकडे. पण–"

"मग त्या पहिल्या क्रीमला नावं का ठेवलीस? तिथेही शेवटाकडेच होतं. नवरदेव शेवटच्या गाडीत, म्हणालीस. सगळ्यांना सांगितलंस. आज म्हणतेस हे चांगलं. तू वाचतेस, वहिनी, आणि दर वेळी वेगळं वाचतेस. हात माझे आहेत."

"बिट्टी," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई, बोलू दे. मला ते झोंबणारं क्रीम बरं होतं. निदान मी वॉर्डात होते."

वहिनीने खुर्ची ओढली. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते द्यायचं म्हणजे आधी स्वतःचं बोलणं गिळायला हवं होतं.

"चुकले मी तिथे," ती म्हणाली. "सेरामाइड थोडंच घालतात, आणि थोडंही उपयोगी पडू शकतं. एक टक्क्याच्या खालची नावं तर कशाही क्रमाने लिहायला मोकळीक असते. म्हणजे शेवटाला आहे म्हणून नाटकी, असं मला म्हणता येत नव्हतं. आणि किती घातलंय हे या यादीवरून कोणालाच कळत नाही. मलाही नाही. ते वाक्य मी टाळ्यांसाठी बोलले."

"मग यादीतून कळतं काय?"

"काय नाही ते कळतं. यात सुगंध नाही, संत्र्याचं तेल नाही, कापूर नाही. आणि सोबत कोण आहे ते कळतं. सेरामाइड एकटं नाही, कोलेस्टेरॉल आहे, फॅटी ॲसिड आहे. बाकी हातावर लावून बघायचं."

बिट्टीने डबी घेतली, उलटी केली आणि वहिनीसारखंच नख फिरवत शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "ठीक आहे. डाव्या हाताला हे. उजव्याला तुझी पेट्रोलियम जेली. औषधी मलम दोन्हींना सारखं. बघूच."

ती हट्टाला पेटली की घरात कोणी आडवं जात नसे. उजव्या हाताची तऱ्हा लगेच दिसायला लागली. पेरांवरच्या खोल भेगा जेलीखाली भराभर बसल्या. झोंबणं शून्य. पण त्या हाताने काहीही धरवेना. पेन सुटायचं, कागदांवर डाग पडायचे, फोन पडायचा. कागदपत्रांच्या खोलीतल्या बाईंनी तिला फाइलींना हात लावायला मनाई केली. मग ती दिवसा जेली पुसून टाकायची आणि पुन्हा लावायचा कंटाळा करायची. डाव्या हाताला क्रीम पहिले एक-दोन दिवस चुरचुरलं, नंतर नाही. भेगा हळू बसल्या. पण ते मुरायचं, म्हणून ती कोणी आठवण करून न देताही दर वेळी लावायची.

शेवटी दोन्ही हात जवळजवळ सारखेच दिसू लागले. बिट्टीने ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. भावाला बोलावलं, सासूबाईंना बोलावलं, सगळ्यांना विचारलं कुठला बरा. तिघांची तीन मतं पडली.

"म्हणजे कोण जिंकलं?" सासूबाई म्हणाल्या.

वहिनीला खोटं बोलवेना. "आई, कोणीच नाही. मलम दोन्हींना होतं. आणि मुख्य म्हणजे इतके दिवस तिने हात धुतलेच नाहीत फारसे. कदाचित साबण सुटला म्हणूनच बरे झाले असतील."

बिट्टीने हात मागे ओढले. "एवढं सगळं करून कळलं काय मग?"

"उजवा हात कामाचा राहत नाही, एवढं कळलं," वहिनी म्हणाली. "चांगलं असूनही जे लावलं जात नाही, त्याचा उपयोग नाही. ड्यूटीवर क्रीम, घरी जेली."

"हे तू पहिल्या दिवशीच म्हणाली होतीस."

"हो."

"मग आपण फिरून तिथेच आलो."

"हो," वहिनी म्हणाली, आणि दोघींना एकदमच कंटाळा आला. सासूबाईंनी न विचारता चहा टाकला.

दुसऱ्या बैठकीत वहिनीने भाषण केलं नाही. तिने मागणी लिहूनच नेली, आणि वस्तूंची नावं लिहिण्याऐवजी काय चालणार नाही ते लिहिलं. डबीत पेट्रोलॅटमशिवाय दुसरं एकही नाव नको. क्रीममध्ये पेट्रोलॅटम, सुगंध, कापूर, मेन्थॉल, कुठलंही वनस्पतींचं तेल नको. माल आला की वॉर्डात जाण्याआधी औषध विभागात येईल. कात्रीने कात्री चालवायला जागा शोधली, सापडली नाही, तेव्हा म्हणाला, "आधीच्या निळ्या डब्यांचं काय करायचं?"

"तुम्हाला सर्दी होते का?" मेट्रन बाईंनी विचारलं.

"वरचेवर."

"मग प्रश्न मिटला."

वहिनीने लॅटेक्सच्या रबराऐवजी नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजेही मागितले होते. नायट्राइलला जेलीचं तितकं भय नसतं, कोणी चुकून लावून आलं तरी धोका कमी. त्यावर त्याने खूप वेळ मान हलवली, पुढच्या वर्षी बघू म्हणाला आणि चहा मागवला. आणखी एक गोष्ट मेट्रन बाईंनी स्वतःहून अंगावर घेतली. हात दिसायला मळलेले नसतील तेव्हा साबणाऐवजी अल्कोहोलचं द्रव चोळायचं, ते त्वचेला साबणापेक्षा कमी जाचतं. नर्सना ते खोटं वाटायचं, कारण भेगांवर अल्कोहोल झोंबतं आणि साबण झोंबत नाही. "झोंबतं म्हणजे वाईट आणि झोंबत नाही म्हणजे चांगलं," मेट्रन बाई वैतागून म्हणाल्या, "हे डोक्यातून काढायलाच माझी नोकरी संपणार आहे."

क्रीम यायला उशीर झाला. जेलीच्या डब्या आल्या, पण पहिल्या खोक्यातल्या डब्यांत पेट्रोलॅटमपुढे बारीक अक्षरांत 'सुगंध' होतंच. वहिनीने खोकं परत पाठवलं. पुरवठादाराने फोन करून विचारलं की मॅडम, एवढासा वास, त्याने काय होतं. तिने फोन ठेवून दिला. दुसरं खोकं बरोबर आलं. मग क्रीम आलं, तेही बरोबर, आणि तिला आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. फक्त खांदे दुखत होते.

बिट्टीला वॉर्डात परत घेतलं त्या सकाळी तिने स्वतःची बटणं स्वतः लावली. अंगठ्याजवळची एक भेग पुरती मिटलेली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या होत्या की ती त्वचा पुढे बराच काळ नाजूक राहील, थोडं दुर्लक्ष झालं की पुन्हा तेच. बसमध्ये बिट्टी बडबडत होती. कुठल्या बाळाचं वजन वाढलं असेल, कोणाला घरी सोडलं असेल. वहिनी नुसती हुं हुं करत होती.

दुपारी औषधं पोचवायच्या निमित्ताने ती वॉर्डाच्या काचेपाशी थांबली. आत बिट्टी बेसिनशी उभी होती. तिने हात धुतले, कागदाने हलके टिपले, न घासता, आणि भिंतीवरच्या नव्या पंपातून क्रीम घेऊन बोटांच्या मधे, पेरांवर, मनगटापर्यंत लावलं. मग बाळांच्या एका काचेच्या पेटीशी गेली आणि वाकून आतल्या बाळाशी काहीतरी बोलायला लागली.

तिच्या जागी बेसिनवर दुसरी नर्स आली. तरुण, घाईत. तिने हात खसाखसा धुतले, हवेत झटकले, पंपाकडे ढुंकूनही न बघता वळली. तिच्या पेरांवर लाली दिसत होती. लांबून दिसत होती.

वहिनीने काचेवर टकटक केली. नर्सने वर पाहिलं. वहिनीने पंपाकडे बोट दाखवलं, मग हातावर हात चोळून दाखवले. ती नर्स क्षणभर गोंधळली. मग तिला वाटलं की औषधवाल्या बाई टाळी देतायत किंवा नमस्कार करतायत. तिने गोड हसून ओला हात हलवला आणि आत निघून गेली.